सहा वाक्यांचे शुद्धिपत्र

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो; परंतु तो कोठून आला हे पुष्कळांस ठाऊक नसते. हस्तलिखित पोथ्यांच्या काळी लेखकाच्या हातून एखादे अक्षर चुकले, म्हणजे तो त्यावर हरताळाचा, म्हणजे एका पिवळ्या खनिजाचा, लेप देई आणि लेप वाळला की वर शुद्ध अक्षर लिही. अक्षर गळले असेल तर तेथे कावळ्याच्या पावलासारखी खूण करून, म्हणजे काकपद घालून, ते समासात लिहिले जाई. पोथी एकच असल्यामुळे चूकही एकाच ठिकाणी असे आणि ती झाकली की काम भागे. छापखाने आले तेव्हा हा उपाय लंगडा पडला. एक हजार प्रती वाचकांच्या घरी गेल्यावर हरताळ कोठे कोठे फासणार? म्हणून ग्रंथाच्या अखेरीस पृष्ठ, ओळ, अशुद्ध व शुद्ध अशा रकान्यांचे शुद्धिपत्र जोडण्याचा प्रघात पडला.

आता तर छापखाना प्रत्येकाच्या खिशात आहे. घरातला कोणीही मनुष्य एका बोटाने चारशे माणसांना पत्रिका धाडू शकतो, आणि त्यात चूक असली तर तीही तितक्याच वेगाने जाते. अशा वेळी जे छोटेसे शुद्धिपत्र लिहावयाचे, ते कसे लिहावे याविषयी या खेपेस चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. विषय दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु आमच्या परिचयाच्या एका घरी त्याच्या पायी एका वृद्ध बाईंचे मुंजीस येणे कसे अडत होते, ते पाहिले म्हणजे तो तितकासा क्षुल्लक वाटणार नाही.

गोष्ट २०२५ सालच्या वैशाखातल्या मुंजीची. घर एकत्र कुटुंबाचे. तीन भाऊ, त्यांची मुले, आणि ज्यांच्या नावाने पत्रिका निघाली ते आजोबा. मुहूर्त वैशाख शुद्ध पंचमीचा धरला होता. त्या दिवशी शुक्रवार होता आणि इंग्रजी तारीख २ मे. पत्रिकेवर मात्र छापले गेले, 'वैशाख शुद्ध पंचमी, शुक्रवार, ३ मे २०२५'. होळी उलटून गेल्यावर एके रात्री पत्रिकेचे चित्र बटूच्या धाकट्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरील नातेवाइकांच्या सर्व समूहांत पाठविले. छापील पत्रिका तीनशे होत्या. त्यांपैकी गावातल्या साठ-सत्तर कुंकू-अक्षता लावून तोपर्यंत हातोहात देऊनही झाल्या होत्या.

येथे एक क्षणभर थांबून ही चूक कोणत्या जातीची आहे ते पाहू. आपल्याकडे मंगलकार्याचा दिवस तीन प्रकारांनी सांगण्याची रीत आहे: तिथी, वार व तारीख. ही नुसती हौस नव्हे. तिघांपैकी एक चुकला तर उरलेले दोघे त्याच्याविरुद्ध साक्ष देतात, असा तो अंगभूत ताळा आहे. या पत्रिकेतही पंचमी आणि शुक्रवार हे दोन साक्षीदार खरे बोलत होते. एकटी तारीख खोटी होती. परंतु अशी अर्धवट चूक पूर्ण चुकीपेक्षा अधिक घातक असते. जो वार पाहतो तो शुक्रवारी येणार, जो तारीख पाहतो तो शनिवारी येणार, आणि ज्याच्या हा विरोध ध्यानात येतो तो मनाशी म्हणणार, "छापण्याची चूक दिसते, यजमानांना कोणीतरी कळविले असेलच." चारशे जणांत असे म्हणणारे पन्नास निघाले, तरी कळविणारा एकही निघत नाही. येथेही रात्र गेली, सकाळचा चहा झाला, आणि नऊ वाजता बडोद्याहून एका भाचीचा फोन आला: "मामा, तीन मेला शनिवार आहे, तिकिटे नेमकी कोणत्या दिवशीची काढू?"

पहिली कृती धाकट्या काकांनी केली, आणि ती विचार न करता केली. त्यांनी पाठविलेले चित्र सगळ्या समूहांतून काढून टाकले. या साधनाची मर्यादा येथे नीट समजून घेतली पाहिजे. पाठविलेल्या मजकुरातले शब्द पाठविल्यापासून सुमारे पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतात, नंतर नाही. आणि बदलले तरी ज्यांनी आधी वाचून ठेवले त्यांच्या फोनवर नवी सूचना वाजत नाही, म्हणून ते पुन्हा उघडून पाहत नाहीत. चित्रात छापलेला अंक तर मुळीच बदलता येत नाही. सर्वांच्या फोनवरून मजकूर काढून घेण्याची सोय सुमारे दोन दिवसांपर्यंत असते खरी. परंतु ज्यांनी ते चित्र आपल्याकडे उतरवून घेतले किंवा पुढे दुसऱ्यास धाडले, त्यांच्याजवळ ते तसेच राहते. मागे उरते ती एवढीच खूण की येथे काहीतरी होते आणि ते काढून टाकले आहे.

आता आपल्यासारख्या घरांत मुंजीची पत्रिका रात्री आली आणि सकाळी नाहीशी झाली, याचा अर्थ लोकांनी काय घ्यावा? दहा वाजेपर्यंत तीन फोन आले. तिघांनीही आधी इकडचे तिकडचे बोलून मग आवाज खाली आणून विचारले, "घरी सर्व क्षेम आहे ना?" पत्रिका मागे घेतली म्हणजे सुतक आले असावे, असा तर्क लोकांनी केला होता. आजोबा पंच्याऐंशीचे, तेव्हा तर्क कोणाविषयी होता हे सांगावयास नको. आजोबांनी स्वतः फोन हाती घेऊन एकीला सांगितले, "मी अजून आहे, आणि मुंजही आहे," तेव्हा कोठे ती बाई हसली.

मागे घेणे म्हणजे दुरुस्त करणे नव्हे, हे याहून मोठ्या प्रमाणावर एकदा सर्व जगाने पाहिले आहे. उदाहरण दूरचे आहे, परंतु मुद्दा अगदी हाच आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी अमेरिकेच्या हवाई बेटांतील लोकांच्या फोनवर सरकारी इशारा आला की, क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, ही रंगीत तालीम नव्हे. इशारा खोटा होता. कचेरीतल्या एका कामगाराने सरावाच्या वेळी तो खरा म्हणून सोडला होता. काही मिनिटांतच तो पुढे पुन्हा जाऊ नये अशी व्यवस्था कचेरीने केली. परंतु त्यामुळे ज्यांच्या हातात तो पडून चुकला होता त्यांना काहीच कळले नाही. ट्विटरसारख्या ठिकाणी खुलासा झाला, पण आई-बाप मुलांना स्नानगृहात निजवून त्यांच्यावर पांघरुणे टाकीत असताना ते वाचावयास कोणास सवड असणार? ज्या वाटेने इशारा आला त्याच वाटेने, म्हणजे सर्व फोनांवर, खुलासा पोहोचला तो ८ वाजून ४५ मिनिटांनी, अडतीस मिनिटांनंतर. पुढे चौकशी झाली तेव्हा असे निघाले की, खोटा इशारा गेल्यास पाठवावयाचा मजकूर कचेरीत आधी तयारच करून ठेवलेला नव्हता. तो ऐन वेळी रचावा लागला, आणि तो धाडण्याची परवानगी लागते की काय, याचीही शंका अधिकाऱ्यांस होती. शेवटी गेलेला मजकूर मात्र चांगला होता: धोका नाही, इशारा खोटा होता. दोनच गोष्टी, आणि पहिली ती लोकांस जी हवी होती ती.

आमच्या मुंजीच्या घरी परवानगीचा प्रश्न नव्हता, परंतु मजकूर रचण्याचा होता. पहिला मसुदा थोरल्या काकांनी केला. ते कचेरीत वरच्या हुद्द्यावर होते आणि पत्रलेखनाची त्यांना हौस आहे. मसुदा असा होता:

"सर्व आप्तेष्टांस सादर नमस्कार. काल रात्री आमच्याकडून चि. बटूच्या व्रतबंध समारंभाची निमंत्रणपत्रिका आपणा सर्वांस पाठविण्यात आली होती. सदर पत्रिका घाईघाईत छापून घ्यावी लागल्यामुळे व मुद्रणालयाने मुद्रिते वेळेवर न दाखविल्यामुळे तीत एक अनवधानाने झालेली चूक राहून गेली आहे, याबद्दल आम्ही समस्त परिवारातर्फे मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. पत्रिकेत समारंभाची तारीख ३ मे अशी पडली असून ३ मे रोजी वस्तुतः शनिवार येतो, हे काही चाणाक्ष आप्तांनी निदर्शनास आणून दिले, त्यांचे आभार. तरी कृपया सर्वांनी नोंद घ्यावी की समारंभ २ मे रोजी संपन्न होईल."

व्याकरणदृष्ट्या मजकूर निर्दोष आहे. परंतु वाचणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. ज्याच्या फोनवर तो येईल, त्यास न उघडता पहिली एक-दोन वाक्ये तेवढी दिसतील. म्हणजे नमस्कार, आणि काल पत्रिका पाठविली होती ही बातमी. ती त्यास ठाऊकच आहे, म्हणून तो उघडणार नाही. उघडणारा घाईत वाचील आणि त्याच्या डोळ्यांना 'मे'च्या दोन तारखा दिसतील. त्यांत ३ हा अंक दोनदा आणि २ हा एकदाच. कोणता अंक मनात राहील? माणसाची स्मृती 'नाही' हा शब्द टाकून देते आणि नाम तेवढे ठेवते. शाळेत फळ्यावर चुकीचे रूप लिहून 'असे लिहू नका' म्हणणाऱ्या गुरुजींच्या वर्गात तेच रूप उत्तरपत्रिकांत हटकून सापडते. चाळीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही हे शेकडो वेळा पाहिले आहे. आणि खरी तारीख अगदी अखेरच्या वाक्यात, तीही वाराशिवाय. छापखान्याचा उल्लेख तर अगदीच वाया गेलेला. तारीख कोणाच्या हातून चुकली यावर तिकीट काढणाऱ्याचे काहीच अवलंबून नसते; आणि यजमान दुसऱ्याकडे बोट दाखवितो आहे, एवढे मात्र ध्यानात राहते.

धाकट्या काकांची सूचना याच्या अगदी उलट होती. त्यांनी सुचविले की, काहीच लिहू नये. तारीख सुधारलेले नवे चित्र तेवढे टाकावे, लोक समजून घेतील. परंतु दोन्ही चित्रे एकाच गणपतीची, एकाच केशरी किनारीची. फरक एका अंकाचा. चार दिवसांनी कोणी फोन चाळून पाहील तर त्याच्यासमोर दोन पत्रिका असतील आणि खरी कोणती हे कळावयास मार्ग नसेल. ज्यांच्याकडून पहिले चित्र निघालेले नाही ते पहिलेच उघडतील. सुधारलेल्या पत्रिकेवर 'सुधारित' हा शब्द ठळक अक्षरांत, नुसता फोन उघडताच दिसेल असा, असल्याशिवाय ती सुधारित ठरत नाही.

अखेर मजकूर केला तो घरातल्या थोरल्या सूनबाईंनी, म्हणजे बटूच्या आईने. तो येथे जसाच्या तसा देतो:

"मुंजीच्या तारखेची दुरुस्ती : मुंज शुक्रवार, २ मे २०२५ रोजी आहे. पत्रिकेत '३ मे' असे चुकीने छापले गेले आहे. वार, तिथी, मुहूर्ताची वेळ व कार्यालय पत्रिकेत दिल्याप्रमाणेच आहेत. यापूर्वीच तिकिटे काढली असल्यास कृपया आजच फोन करावा. ज्यांना आपण पत्रिका पुढे पाठविली असेल त्यांनाही हा मजकूर पाठवावा. तसदीबद्दल क्षमस्व."

खाली आजोबांचे नाव आणि फोनचा क्रमांक.

यातला पहिला शब्दसमूह पाहा. 'दुरुस्ती' म्हटले आहे, 'बदल' म्हटलेले नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'तारखेत बदल' म्हटले असते तर लोकांनी समजावे की मुहूर्तच हलविला. मग पंचमीही गेली, शुक्रवारही गेला, कार्यालय तरी तेच आहे की नाही कोण जाणे! 'दुरुस्ती' म्हणजे कार्य पूर्वी ठरले तेथेच आहे, लिहिणे तेवढे चुकले. ज्याने पंचांग पाहून आधीच शुक्रवार धरला असेल तो हा शब्द वाचून निश्चिंत होतो. 'काही अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द तर चुकूनही घालू नयेत. त्यातून सुतकाच्या शंका पुन्हा उठावयाच्या.

नंतर लगेच खरा दिवस, वार आणि तारीख जोडून. हे वाक्य एकटे तोडून कोणी वाचले तरी ते पुरे आहे. दुसऱ्या वाक्यात चुकीची तारीख एकदाच, आणि 'चुकीने' या शब्दाला चिकटून. ती मुळीच दिली नसती तर चालले असते काय? आमच्या मते नाही. नुसती खरी तारीख सांगितली तर ज्याने पत्रिका नीट वाचली नाही, त्यास दुरुस्ती कशाची हे कळत नाही. तो पत्रिका पुन्हा काढून ताडून पाहत बसतो, किंवा अधिक संभव असा की, तसे करीत नाही. म्हणून जुनी चूक एकदा ओळखीपुरती सांगावी आणि पुन्हा तिचे नाव घेऊ नये.

तिसऱ्या वाक्याचे महत्त्व सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एक गोष्ट चुकली असे कळताच वाचणाऱ्याचा उरलेल्या सर्व गोष्टींवरचा विश्वास डळमळतो. तारीख चुकली, मग वेळ तरी बरोबर आहे का? हा प्रश्न चारशेंपैकी चाळीस जण फोन करून विचारतात. 'बाकी सर्व तसेच आहे' असे मोघम सांगण्यापेक्षा, ज्या चार गोष्टींविषयी शंका येईल त्यांची नावे घेणे चांगले. परंतु हे वाक्य लिहिण्यापूर्वी त्या चारही गोष्टी खरोखरच तपासून पाहिल्या पाहिजेत. सूनबाईंनी मुलाला पंचांग घेऊन बसविले, एकाला भिंतीवरची दिनदर्शिका वाचावयास सांगितले आणि स्वतः कार्यालयाची पावती काढून पत्ता व वेळ मोठ्याने वाचली. या तपासणीत वीस मिनिटे गेली. अधीर झालेले धाकटे काका म्हणत होते की, आधी पाठवून टाकू, मग तपासू. परंतु दुरुस्तीची दुरुस्ती पाठविण्याची पाळी आली म्हणजे लोक तिन्ही मजकूर बाजूला ठेवतात आणि शेजाऱ्याला विचारतात. क्षेपणास्त्राच्या खोट्या बातमीत एक मिनिटही मोलाचे होते. सात आठवड्यांवरच्या मुंजीत वीस मिनिटे सुखाने खर्चावीत.

क्षमायाचना एका शब्दात आणि अखेरीस आली, हे कोणास रूक्ष वाटेल. थोरल्या काकांना वाटलेच. परंतु चारशे जणांच्या समूहात लांब दिलगिरी लिहिली की, 'अहो, त्यात काय एवढे', 'चालायचेच', 'माणूस चुकतोच' अशी उत्तरे एकामागून एक येऊ लागतात आणि अर्ध्या घटकेत मूळ दुरुस्ती त्यांच्याखाली गाडली जाते. ज्यांना खरोखर तोशीस पडली त्यांची क्षमा निराळी, तोंडाने मागावयाची असते.

आता पाठविण्याचा प्रश्न. सूनबाईंनी तो आजोबांच्या नावाने, परंतु ज्या फोनवरून पत्रिका गेली त्याच फोनवरून, त्याच समूहांत पाठविला. घरातल्या दुसऱ्या कोणी आपल्या शब्दांत काही लिहावयाचे नाही, असे त्यांनी सर्वांस बजावले. एकत्र कुटुंबात ही शिस्त फार अवघड. तिघे भाऊ तीन समूहांत तीन प्रकारे लिहितात आणि तिन्ही मजकूर एखाद्या मावशीच्या फोनवर एकत्र येऊन भांडू लागतात. मजकुराखाली सुधारित पत्रिकेचे चित्र दिले, त्यावर वरच्या कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत 'सुधारित'. वाटावयाच्या राहिलेल्या छापील पत्रिकांवर चुकीच्या अंकावर बसेल एवढी 'शुक्रवार, २ मे' अशी चिकटचिठ्ठी लावली; घरातल्या मुलांनी दोन दुपारी तेच काम केले.

परगावच्या पाहुण्यांची यादी काढली तेव्हा एकूण अठ्ठावन्न नावे निघाली. त्या प्रत्येकाला फोन केला. फोनवर 'दुरुस्ती पाहिली का?' असे न विचारता, 'आपण कोणत्या दिवशी पोहोचणार?' असे विचारले. हा प्रश्न मोठा हुशारीचा आहे. पाहिली का म्हटले की, सगळेच हो म्हणतात. कोणत्या दिवशी पोहोचणार म्हटले की, मनात कोणती तारीख बसली आहे ते आपोआप कळते. अठ्ठावन्नांपैकी तिघांनी दुरुस्ती वाचूनही जुन्या हिशेबाने उत्तर दिले.

आणि मग जबलपूरचा फोन. तेथे बटूच्या पणजीची धाकटी बहीण राहते; वय चौऱ्याऐंशी. रेल्वेची आरक्षणे १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुली होतात, आणि मुलाने पत्रिका येताच त्याच रात्री तिकीट काढून टाकले होते: २ मेच्या संध्याकाळी पोहोचणारे. म्हणजे मुंज आटोपून मांडव सुटल्यावर. पणजी स्वतः आता नाहीत. भिक्षावळीत त्यांच्या जागी या बाईंनी बटूला पहिली भिक्षा घालावी, असे घरात ठरले होते आणि त्यासाठी बाईंनी चांदीची वाटी घेऊन ठेवली होती. मुलगा म्हणाला, "दुरुस्ती वाचली, परंतु तिकिटांचे आता काय करावे हे कळेना, आणि आपणांस उगाच संकोच नको म्हणून फोन केला नाही." तिकीट रद्द करून एक दिवस आधीचे मिळते का पाहिले, तर प्रतीक्षा यादी लांबलेली. शेवटी नागपूरचा एक पुतण्या तसाही मोटारीने येणार होता, त्याने बाईंना जबलपूरहून घेतले. रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे आजोबांनी आग्रहाने दिले, आणि ही गोष्ट कोणत्याही समूहात लिहिली नाही, हे आम्हांस विशेष आवडले.

कोणत्या चुकीची दुरुस्ती पाठवूच नये, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. याच पत्रिकेत 'आशीर्वाद' शब्दातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व पडली होती. आमच्यासारख्या माणसाच्या डोळ्यांत ती कुसळासारखी सलते. तरीही तिच्यासाठी चारशे फोन वाजविणे योग्य नव्हे. तिच्यामुळे कोणी चुकीच्या दिवशी येणार नाही, आणि अशा किरकोळ दुरुस्त्या वारंवार आल्या की, खरी दुरुस्ती येते तेव्हा लोक ती उघडीत नाहीत. अपवाद माणसाच्या नावाचा. आणि त्यातही एक मोठी नाजूक जात आहे: हयात असलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावामागे 'श्री.'ऐवजी 'कै.' पडणे. असे एका लग्नपत्रिकेत आम्ही पाहिले आहे. तेथे दुरुस्तीत चुकीचा उल्लेख एकदाही करू नये. 'अमुक यांचे नाव श्री. अमुक असे वाचावे' एवढेच लिहावे, आणि ते पाठविण्यापूर्वी त्या गृहस्थांच्या घरी स्वतः जाऊन यावे. फोनवर भागत नाही.

मुंज ठरल्या वेळी झाली. वृद्ध बाई आदल्या दिवशी दुपारीच येऊन पोहोचल्या होत्या. चांदीच्या वाटीतून पहिली भिक्षा त्यांनीच घातली.

दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास कार्यालयाच्या दाराशी एक पागोटेधारी गृहस्थ हातात आहेराचे पाकीट घेऊन उभे राहिले. आत दुसऱ्याच कोणाचे लग्न चालले होते. हे गृहस्थ आजोबांचे जुने स्नेही, शेजारच्या आळीतले. व्हॉट्सअ‍ॅप त्यांच्याकडे नाही. ज्या साठ-सत्तर पत्रिका चूक ध्यानात येण्यापूर्वी हातोहात दिल्या गेल्या, त्यांपैकी एक त्यांची होती. कोणाकोणास दिल्या याची यादी कोणीच ठेवली नव्हती. आठवेल तितक्यांना निरोप गेले आणि हे एक राहिले. पंचांग ते रोज पाहतात, परंतु पत्रिकेवरची तारीख त्यांनी मोठ्या विश्वासाने आपल्या दिनदर्शिकेवर पेनाने वर्तुळ करून ठेवली होती. थोरल्या काकांनी जाऊन त्यांना घरी आणले, आणि आदल्या दिवशीचे उरलेले श्रीखंड त्यांच्या पानात वाढले.